समुद्राकाठच्या खोलीला ‘हमीचं भाडं’: सही करण्याआधी कुठले कागद, कोणत्या क्रमाने बघायचे

दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात सेकंड होम विकणाऱ्यांचा एक ठरलेला प्रस्ताव असतो. रिसॉर्टमधली एक स्टुडिओ खोली तुमच्या नावावर करायची. तुम्ही वर्षातून काही दिवस तिथे फुकट राहायचं, बाकीचे दिवस बिल्डरच ती पर्यटकांना देणार. खोली भरो वा रिकामी राहो, किमतीच्या 8 ते 12 टक्के ‘अ‍ॅश्युअर्ड रेंटल’ दरवर्षी तुमच्या खात्यात येणार. निवृत्तीचे पैसे हातात आलेले शिक्षक, बोटीवरून परतलेले लोक, मुंबईत फ्लॅट विकून गावाकडे वळणारे चाकरमानी यांना हा प्रस्ताव पटतो, कारण त्यात जमीनही आहे आणि पेन्शनसारखं उत्पन्नही आहे.

असे सगळेच प्रकल्प फसवे नसतात. पण अडकलेल्या खरेदीदारांचे कागद वाचले तर चूक बहुतेक वेळा एकाच जागी सापडते. खोलीच्या मालकीचे कागद त्यांनी नीट तपासलेले असतात. भाड्याची हमी मात्र कुठल्या कागदात आहे, ती कोणी दिली आहे आणि तो कागद न्यायालयात टिकेल का, हे कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या हमीबद्दल आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या प्रकल्पाचे आकडे त्यांच्या जागी घाला. समजा गुहागर तालुक्यात 42 स्टुडिओ खोल्यांचा प्रकल्प आहे. एका खोलीची किंमत 36 लाख रुपये. हमी वर्षाला 9 टक्के, म्हणजे 3 लाख 24 हजार, महिन्याला 27 हजार. हमीची मुदत 3 वर्षं.

आधी भाव काढा, मग भाडं

सेल्स ऑफिसमध्ये टक्क्यांवर बोलणं सुरू होण्याआधी एक काम घरी बसून उरका. नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या साइटवर ई-सर्चची सोय आहे. त्याच गावात, शक्य असेल तर शेजारच्या सर्व्हे नंबरमध्ये, गेल्या दोन वर्षांत नोंदलेल्या खरेदी-विक्रीची सूची दोन काढा. त्यात क्षेत्रफळ असतं, दस्तात लिहिलेली रक्कम असते आणि सरकारी बाजारमूल्यही असतं. भाड्याची कसलीही हमी नसलेली तशीच खोली किंवा छोटा फ्लॅट कितीला गेला ते पाहा.

आपल्या उदाहरणात तो आकडा 25 लाख निघाला असं धरू. म्हणजे तुमच्याकडून 11 लाख जास्त घेतले जात आहेत. आता हमीची बेरीज करा. महिना 27 हजार, 36 महिने, एकूण 9 लाख 72 हजार. बिल्डरने एकही हप्ता न चुकवता सगळे पैसे दिले तरी तुम्ही आधीच जास्त दिलेल्या 11 लाखांतून तो ते देणार आहे, आणि वर सव्वा लाखाच्या आसपास त्याच्याकडेच उरणार आहे. तुमचेच पैसे हप्त्याहप्त्याने तुम्हाला परत मिळत आहेत. मुद्रांक शुल्क मात्र तुम्ही 36 लाखांवर भरलंत, आणि तीन वर्षांनी विकायला गेलात तर गिऱ्हाईक 25 लाखांच्या भावानेच बोलणार, कारण त्याला हमी मिळणार नसते.

दुसरी बेरीज रिसॉर्टच्या उत्पन्नाची. आपल्याकडचा हंगाम कोणापासून लपलेला नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार भरतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक ठिकाणी खोल्या रिकाम्या असतात. रात्रीला 3 हजार रुपये आणि वर्षातल्या 110 रात्री धरल्या तर 3 लाख 30 हजार जमा होतात. वीज, माणसं, चादरी-धुलाई, बुकिंग साइटचं कमिशन, खारट हवेने गंजलेल्या एसीची दुरुस्ती यांत निम्मे गेले तर 1 लाख 65 हजार उरतात. हमी 3 लाख 24 हजारांची आहे. म्हणजे प्रत्येक खोलीमागे वर्षाला 1 लाख 59 हजारांची तूट, आणि 42 खोल्यांची मिळून जवळपास 67 लाखांची.

ही तूट कुठून भरून निघणार, हे बिल्डरला सरळ विचारा. खोल्या विकल्या जात असतात तोवर वर्षाला दोन नव्या खोल्यांच्या पैशातून ती निघते. हमी बहुतेकदा विक्री संपल्यावर किंवा थंडावल्यावर बंद पडते, ती यामुळेच. पहिलं वर्षभर भाडं वेळेवर येत असल्याचं सांगणारे जुने खरेदीदार खोटं बोलत नसतात, पण त्यांच्या अनुभवावरून पुढच्या वर्षाचं काही कळत नाही. बिल्डरकडे चालू रिसॉर्ट असेल तर त्याची मागच्या दोन वर्षांची खोल्या भरल्याची आकडेवारी आणि जीएसटी विवरणपत्रं मागा. ती दाखवायला तो तयार नसेल, तर मी पुढचे कागद बघण्यातही वेळ घालवणार नाही.

हमी कुठल्या कागदात आहे

आता मूळ मुद्दा. अशा व्यवहारात साधारण तीन कागद होतात. पहिला साठेखत किंवा खरेदीखत, जो दुय्यम निबंधकांकडे नोंदला जातो. दुसरा ‘एमओयू’ किंवा ‘लीज अ‍ॅग्रीमेंट’, ज्यात भाड्याची हमी असते आणि जो बहुधा 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून हातात दिला जातो. तिसरं रंगीत माहितीपत्रक, ज्यात टक्केवारी सगळ्यांत ठळक असते.

पहिल्या कागदात भाड्याचा शब्दही नसतो. उलट एक कलम असतं: ‘या करारापूर्वीच्या सर्व तोंडी व लेखी बोलणी, जाहिराती व आश्वासने या कराराने रद्द समजावीत.’ म्हणजे तुम्ही नोंदणीकृत दस्तावर सही करता त्याच क्षणी माहितीपत्रकावरची टक्केवारी मागे घेतली जाते. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, म्हणून माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि ईमेल जपून ठेवाच. पण फक्त त्यांच्या भरवशावर सही करू नका.

दुसऱ्या कागदाची अडचण जास्त खोल आहे. नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. न नोंदवलेला पट्टा त्या व्यवहाराचा पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. शिवाय मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल, तर फरक आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुराव्यात घेतलाच जात नाही. तीन वर्षांचं भाडं ठरवणारा, 500 रुपयांच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला कागद या दोन्ही कसोट्यांवर अडतो. नोटरीचा शिक्का सही कोणाची आहे एवढंच सांगतो, नोंदणीची जागा तो घेऊ शकत नाही. हे गैरसमज अजून घरोघरी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्यामुळे मागणी स्पष्ट ठेवा. हमीची सगळी कलमं साठेखतातच यावीत, किंवा भाडेपट्टा त्याच दिवशी त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला जावा आणि दोन्ही दस्तांत एकमेकांचा उल्लेख असावा. ‘त्याने स्टॅम्प ड्यूटी वाढते, आम्ही सगळ्यांना एमओयूच देतो,’ हे उत्तर ठरलेलं असतं. 36 लाखांच्या व्यवहारात तो खर्च अडचणीचा नसतो. बिल्डरची अडचण स्वतःला कायद्याने बांधून घेण्याची असते.

सही कोणाची आहे

साठेखतावर बिल्डरची कंपनी सही करते. हमीच्या कागदावर बहुधा वेगळंच नाव असतं, ‘अमुक हॉस्पिटॅलिटी’ किंवा ‘तमुक रिसॉर्ट मॅनेजमेंट’. पाटी एकच, मालक एकच, पण कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. भाडं बंद झालं की बिल्डर म्हणतो, ती कंपनी वेगळी, तिच्याशी बोला.

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वर त्या कंपनीची प्राथमिक माहिती मोफत दिसते. तिथे भरणा झालेलं भांडवल, स्थापनेची तारीख, संचालकांची नावं आणि कंपनीवरच्या कर्जाचे बोजे बघा. वर्षाला 1 कोटी 36 लाखांचं भाडं देण्याची हमी घेणाऱ्या कंपनीचं भांडवल एक लाख असेल, तर ती हमी त्या लाखापुरतीच आहे. अशा वेळी बिल्डरची मूळ कंपनी जामीनदार म्हणून करारात पक्षकार हवी आणि संचालकांची वैयक्तिक हमीही हवी. एका वर्षाच्या भाड्याएवढी बँक गॅरंटी मिळाली तर उत्तमच. बँक गॅरंटी देणारे फार थोडे असतात, पण मागितल्यावर समोरचा काय म्हणतो त्यावरून पुष्कळ कळतं.

पुढच्या तारखेचे 36 चेक देतो, असं सांगितलं जातं. ते घ्या, पण त्यांचा उपयोग कुठे संपतो हेही जाणून घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तो न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल करायची. ‘दोन महिने थांबा, काका, हंगाम आला की सगळे एकदम देतो,’ या शब्दावर थांबलेल्या माणसाची ही मुदत हमखास निघून जाते. चेकवर सही कोणत्या कंपनीची आहे हेही बघा, कारण तिथेही तीच छोटी कंपनी असू शकते.

कलमांमधल्या पळवाटा

करार वाचताना भाड्याच्या आकड्यापुढे लागलेले शब्द शोधा. ‘खोल्या भरण्याच्या प्रमाणानुसार’, ‘देखभाल खर्च वजा जाता’, ‘रिसॉर्ट कार्यान्वित झाल्यापासून’ असं काही असेल तर ती हमी उरत नाही. शेवटचा शब्दप्रयोग विशेष घातक, कारण कार्यान्वित कधी झालं हे ठरवणारा बिल्डरच असतो. रक्कम रुपयांत, तारीख महिन्याची, आणि ‘खोली रिकामी असली तरी’ हे शब्द करारात स्वच्छ लिहून घ्या.

दुसरं, मुदत कोणाला बांधते? बऱ्याच करारांत खोली 9 वर्षं रिसॉर्ट चालवणाऱ्यांच्याच ताब्यात द्यायची असते, हमी मात्र पहिल्या 3 वर्षांची, आणि 30 दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडण्याचा हक्क फक्त त्यांना असतो. चौथ्या वर्षी तुमच्याकडे भाडंही नसतं आणि किल्लीही नसते. म्हणून एक कलम आग्रहाने घाला: सलग दोन महिने भाडं थकलं तर पट्टा आपोआप संपेल, खोलीचा ताबा सामानासह मालकाला 15 दिवसांत मिळेल आणि थकबाकीवर व्याज लागेल. मला एकच कलम निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन. पैसे बुडाले तरी खोली हातात राहते आणि ती स्वतः भाड्याने देता येते.

कर्ज काढून घेत असाल तर आणखी एक गोष्ट. 25 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेबावीस हजारांच्या आसपास येतो. 27 हजारांच्या भाड्यातून तो निघतो असं कागदावर छान दिसतं. पण बँकेचा करार तुमच्याशी आहे. भाडं थांबलं तरी हप्ता थांबत नाही, आणि हमी संपल्यावर कर्जाची 17 वर्षं बाकी असतात.

जमीन आणि परवानगी

इमारतच बेकायदा ठरली तर भाड्याची हमी कितीही पक्की असो, तिचा उपयोग नाही. कोकणात इथे तीन गोष्टी वारंवार अडतात.

सातबारा ताजा काढा आणि नावं मोजा. आपल्याकडे एकेका सर्व्हे नंबरवर पंधरा-वीस सहहिस्सेदार असणं नेहमीचं आहे, त्यातले निम्मे मुंबईत असतात. बिल्डरने सगळ्यांकडून खरेदीखत घेतलं आहे की दोन-चार जणांच्या कुलमुखत्यारपत्रावर काम चाललं आहे, ते फेरफारांवरून दिसतं. इतर हक्काच्या रकान्यात कूळ, वन किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद असेल तर स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा मागा आणि त्यातला वापर वाचा. नकाशा बंगल्यांचा आणि प्रत्यक्षात रिसॉर्ट, असं असेल तर पर्यटकांना खोल्या देणंच अडचणीत येतं. ‘ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो, असेसमेंट उतारा आहे,’ असं ठामपणे सांगितलं जातं. घरपट्टी बेकायदा बांधकामावरही लागते, तो उतारा परवानगीचा पुरावा नाही.

आणि सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा त्यात येतो. ग्रामीण भागात लोकवस्तीच्या घनतेनुसार पहिले 50 किंवा 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. खाडीकाठच्या जागेलाही नियम लागतात, हे ‘समुद्र तर लांब आहे’ म्हणताना विसरलं जातं. त्या सर्व्हे नंबरचा सीआरझेड नकाशा आणि परवानगीचं पत्र पाहिल्याशिवाय ‘सी-टच’ खोली घेऊ नका.

मग महारेराच्या साइटवर प्रकल्प शोधा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि युनिट आठांपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे, आणि सगळे टप्पे मिळून हे मोजायचं असतं. तिथे साठेखताचा नमुना अपलोड केलेला असतो. तुम्हाला दिलेला मसुदा त्याच्याशी ओळीने ताडून बघा. नोंदणीकृत साठेखत होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ‘पूर्ण पैसे आता भरा, हमी आजपासून सुरू’ ही ऑफर इथेच कायद्याबाहेर जाते.

भाडं आधीच बंद पडलं असेल तर

पहिल्या थकलेल्या महिन्यातच लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. त्यानंतर मार्ग निवडताना एक अडचण ओळखून ठेवा. तुम्ही घर घेतलं की परतावा, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी तुमच्याविरुद्ध विचारला जाईल.

ग्राहक आयोगात समोरचा पक्ष म्हणेल की खरेदी व्यापारी हेतूने होती, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. दिवाळखोरी कायद्याचा रस्ता त्याहून अरुंद झाला आहे. तिथे आधीच एका प्रकल्पातले किमान 100 किंवा एकूण खरेदीदारांपैकी 10 टक्के, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी एकत्र यावं लागतं. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ नफ्यासाठी पैसे घालणाऱ्या सट्टेबाज गुंतवणूकदाराला ही प्रक्रिया सुरू करता येणार नाही, आणि खरेदीदार तसा आहे का हे ठरवताना करारातली हमखास परताव्याची किंवा परत खरेदीची कलमं बघितली जातील. म्हणजे ज्या कलमासाठी तुम्ही खोली घेतलीत तेच कलम इथे तुमच्या विरुद्ध वाचलं जाऊ शकतं.

ताबा रखडला असेल तर महारेराचा मार्ग बळकट आहे, कलम 18 खाली व्याज किंवा व्याजासह पूर्ण परतावा मागता येतो. ताबा मिळाला आहे आणि फक्त भाडं थकलं आहे, तर कराराच्या अटी साठेखतात आहेत की बाहेरच्या कागदात, यावर तिथलं सगळं अवलंबून राहतं. अनेक जणांचे पैसे अडकले असतील आणि व्यवहार खोलीच्या नावाखाली ठेवी गोळा करण्याचाच दिसत असेल, तर महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी 1999, आणि केंद्राचा 2019 चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा हे दोन्ही तपासून जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे एकत्रित तक्रार करता येते. या कायद्यांत मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे. केंद्राच्या कायद्यात मात्र मालमत्तेच्या किमतीत वळती होणारी आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही, म्हणून तुमची पावती ‘खोलीची किंमत’ म्हणते की आणखी काही, ते वकिलाला आधी दाखवा.

दिवाणी वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती प्रत्येक थकलेल्या हप्त्यासाठी वेगळी मोजली जाते. बिल्डर वेळ मागत असेल तर ती लेखीच द्यायला लावा: किती महिन्यांचं, किती रुपये भाडं देणं आहे हे कंपनीच्या लेटरहेडवर, सही आणि तारखेसह. मुदत संपण्याआधी अशी कबुली मिळाली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने मोजता येतात.